सेप्सिस : 'इन्फेक्शन रक्तात गेलंय' म्हणजे नेमके काय?

आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांना डॉक्टर दोन मिनिटे भेटतात आणि चार वाक्ये सांगून आत जातात. "इन्फेक्शन रक्तात गेलंय. सेप्सिस आहे. बीपी औषधावर टिकवलंय. पुढचे काही तास महत्त्वाचे आहेत." मग गावाकडून फोन येतो आणि बाकावरचा मुलगा सांगतो, "अम्मीला सेप्टिक झालंय." पलीकडून लगेच सल्ला येतो की सेप्टिकला काय घाबरायचे, जखम धुतली, इंजेक्शन घेतले की बरे होते. डॉक्टर जे बोलले आणि घरात जे पोहोचले, त्यात असे जमीन-अस्मानाचे अंतर पडते. या अंतरामुळे घरचे लोक कधी सहीला उशीर करतात, तर कधी पेशंटला दवाखान्यात आणायलाच एक दिवस घालवतात.

म्हणून आधी शब्द वेगळे करू. आपल्याकडे 'सेप्टिक झालं' असे म्हणतात ते जखमेत पू झाल्याबद्दल. खिळा लागला की आपण धनुर्वाताचे, म्हणजे टीटीचे इंजेक्शन घेतो आणि निर्धास्त होतो की आता सेप्टिक होणार नाही. हे इंजेक्शन फक्त धनुर्वातापासून वाचवते. जखमेत इतर जंतू वाढले तर ते त्यांना अडवत नाही. सेप्सिस ही तर याहून निराळीच गोष्ट आहे. त्यासाठी अंगावर जखम असावी लागत नाही. न्यूमोनिया, लघवीचा जंतुसंसर्ग, फुटलेले अपेंडिक्स, मधुमेही पायाचा व्रण, बाळंतपणानंतर गर्भाशयात झालेला संसर्ग, यांपैकी कशातूनही तो होऊ शकतो.

२०१६ साली अनेक देशांच्या तज्ज्ञांनी सेप्सिसची जी व्याख्या ठरवली, ती सोप्या शब्दांत अशी : जंतुसंसर्गाला उत्तर देताना शरीराचा स्वतःचा तोल सुटतो, आणि त्या उत्तरानेच अवयव निकामी होऊ लागून जीव धोक्यात येतो. या व्याख्येत 'रक्तात जंतू सापडले' अशी अट नाही. सेप्सिसच्या कितीतरी पेशंटच्या रक्तात तपासणीत एकही जंतू मिळत नाही. डॉक्टर 'रक्तात गेलंय' म्हणतात ते नातेवाइकांना पटकन कळावे म्हणून. त्यांना सांगायचे असते ते हे की आजार आता एका जागेचा राहिलेला नाही, तो सगळ्या शरीराचा झाला आहे.

शरीरात काय बिघडते

बोटाला काटा रुतला की तिथली जागा लाल होते, सुजते, गरम लागते. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती जरा सैल होतात, त्यांतून पाणी आणि पांढऱ्या पेशी बाहेर येतात आणि जंतूंना गाठतात. हा शरीराचा उत्तम बंदोबस्त आहे, पण तो बोटापुरता असतो तोवरच. सेप्सिसमध्ये हीच धोक्याची घंटा साऱ्या अंगात वाजते. डोक्यापासून पायापर्यंतच्या रक्तवाहिन्या एकाच वेळी रुंदावतात आणि गळू लागतात.

चार मजली इमारतीच्या पाण्याचा विचार करा. टाकीत पाणी तेवढेच आहे, पण सगळे पाइप अचानक दुप्पट रुंद झाले आणि जागोजागी गळू लागले. पंप कितीही जोरात चालला तरी वरच्या मजल्याच्या नळाला धार येणार नाही. शरीरात हृदय हा पंप आहे, म्हणून नाडी १२० वर जाते. धार न येणे म्हणजे रक्तदाब पडणे. मेंदूला रक्त कमी पडले की माणूस बरळतो किंवा गुंगीत जातो. मूत्रपिंडाला कमी पडले की लघवी आटते. पेशींना प्राणवायू नीट वापरता येत नाही, तेव्हा लॅक्टेट नावाचा पदार्थ रक्तात साठतो आणि रक्त आम्लधर्मी होते. ते आम्ल बाहेर टाकण्यासाठी माणूस भराभर श्वास घेऊ लागतो. त्याच वेळी बारीक रक्तवाहिन्यांत सूक्ष्म गुठळ्या होऊ लागतात आणि उरलासुरला पुरवठाही अडतो.

डॉक्टरांच्या घाईचे कारण इथेच आहे. मूत्रपिंडाला काही तास रक्त कमी मिळाले तर ते बहुधा सावरते. तोच काळ लांबला की पेशी मरू लागतात, आणि मग जंतू मेले तरी अवयव परत येईलच असे नाही. अँटिबायोटिक जंतूंना मारते, मेलेल्या पेशी ते जिवंत करू शकत नाही.

घरात गेलेले दोन दिवस

हे प्रत्यक्षात कसे घडते ते एका उदाहरणातून पाहू. उदाहरण समजावण्यासाठी रचलेले आहे, पण अशा पेशंट दवाखान्यांना नवीन नाहीत.

घरातल्या दादी ६८ वर्षांच्या, वजन ६० किलो, मधुमेह बारा वर्षांपासून. रमजान चालू आहे आणि दादी रोजे धरतात. सोमवारी लघवीला जळजळ सुरू झाली. ही गोष्ट मुलाला कशी सांगायची म्हणून त्या गप्प राहिल्या. तरावीहच्या वेळी सारखे उठावे लागू नये म्हणून इफ्तारनंतर पाणीही कमी प्यायल्या. मंगळवारी उजव्या कुशीत दुखू लागले. मगरीबनंतर दात वाजतील अशी हुडहुडी भरली आणि ताप १०२ पर्यंत चढला. मेडिकलमधून तापाची गोळी आणली. रात्री घाम येऊन ताप उतरला आणि घरचे निश्चिंत झोपले.

बुधवारी सहरीला दादींनी दोन घोट चहा घेतला आणि रोजा धरला. अंग गार होते, थर्मामीटरवर ९७. सुनेला वाटले की ताप गेला, आता आराम पडेल. दुपारी दादी झोपूनच होत्या. जोहरची नमाज झाली का, हे त्यांनी तीनदा विचारले. असरला नमाजीला बसल्या, पण रकाती चुकल्या आणि मध्येच थांबून शून्यात पाहत राहिल्या. नातीच्या लक्षात आले की दादी सकाळपासून एकदाच लघवीला गेल्या आणि आता त्यांना धाप लागल्यासारखी वाटते आहे. घरात चर्चा झाली. रोजा आहे, उन्हाळा आहे, वय झाले आहे. लघवी कमी, कारण पाणी नाही. गुंगी, कारण सहरीला उठणे. धाप, कारण अशक्तपणा. इफ्तारला दोन तास उरलेत, शरबत पोटात गेले की तरतरी येईल.

यातले प्रत्येक कारण एकेकटे पाहिले तर पटण्यासारखे आहे, म्हणूनच ते धोक्याचे ठरते. अशा वेळी वेगळे काय दिसते, ते पाहायला हवे. रोज्याच्या थकव्यात माणूस मंदावतो, पण त्याला वेळ कळते, माणसे ओळखू येतात, नमाज ठाऊक असते. ज्या दादी साठ वर्षे रकाती चुकल्या नाहीत त्या आज चुकतात, हा मेंदूने दिलेला इशारा आहे. रोज्याच्या थकव्यात श्वास एवढा वाढत नाही. बसलेल्या किंवा पडलेल्या मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतो. नातीने घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर छाती वर येताना मोजली असती तर २८ भरले असते. आणि ताप उतरणे ही नेहमी चांगलीच खबर नसते. म्हाताऱ्या माणसांत आणि नवजात बाळांत सेप्सिस वाढताना शरीर कधी कधी तापायचेच सोडून देते. संसर्गाच्या पेशंटचे अंग गार पडले आणि तो अधिक सुस्त झाला, तर आजार उतरणीला लागला असे समजू नये.

शरीयतने आजारी माणसाला रोजा सोडण्याची आणि नंतर तो भरून काढण्याची मुभा दिली आहे, आणि जो कायमचा असमर्थ आहे त्याच्यासाठी फिदयाची वाट ठेवली आहे. घरातल्या मोठ्यांना याची आठवण कोणीतरी मंगळवारी रात्रीच, हुडहुडी भरली तेव्हाच, करून द्यायला हवी होती.

दवाखान्यातला पहिला तास

इफ्तारला दादी खजूर हातात धरून नुसत्या बसून राहिल्या आणि मुलाला त्यांनी दुसऱ्याच नावाने हाक मारली. तेव्हा कुठे गाडी काढली. पावणेआठला त्या कॅज्युअल्टीत पोहोचल्या. नाडी १२४, श्वास २८, रक्तदाब ८४/५०, साखर ३१०.

डॉक्टर या ८४/५० वरून एक तिसरा आकडा काढतात. खालचा दाब दोनदा आणि वरचा एकदा मिळवून तीनने भागले की सरासरी दाब मिळतो. इथे ५०, ५० आणि ८४ मिळून १८४, भागिले तीन, म्हणजे ६१. सेप्सिसमध्ये हा आकडा किमान ६५ ठेवायचा असतो, कारण त्याखाली मूत्रपिंडासारख्या अवयवांना पुरेसे रक्त पोहोचेल याचा भरवसा राहत नाही. मॉनिटरच्या पडद्यावर रक्तदाबाशेजारी कंसात जो एक आकडा दिसतो, तो बहुधा हाच.

यानंतर नातेवाइकांना धांदल वाटते ते सगळे ठरलेल्या क्रमाने चाललेले असते. दोन्ही हातांना सुया लावल्या जातात. दोन वेगवेगळ्या जागांवरून रक्त घेऊन कल्चरच्या बाटल्यांत भरले जाते, लघवीचा नमुनाही घेतला जातो. लॅक्टेट तपासतात. दादींचे ४.६ आले, निरोगी माणसाचे २ च्या आत असते. हे रक्त घेताच शिरेतून अँटिबायोटिक सुरू होते. कल्चरचे रक्त आधी आणि औषध नंतर, हा क्रम मुद्दाम असतो. औषध आधी गेले तर बाटलीत जंतू वाढत नाहीत आणि नेमका कोणता जंतू होता हे कळायचे राहून जाते. पण रक्त मिळायला वेळ लागणार असेल तर डॉक्टर त्यासाठी औषध अडवून ठेवत नाहीत.

"रिपोर्ट यायच्या आधीच एवढं भारी औषध का?" हा इथला नेहमीचा प्रश्न. कल्चरमध्ये जंतू वाढायला आणि त्याला कोणते औषध लागू पडते हे ठरायला दोन-तीन दिवस जातात. सेप्सिसमुळे रक्तदाब पडलेल्या पेशंटला मात्र शक्यतो पहिल्या तासात अँटिबायोटिक मिळावे, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्व आहे. म्हणून डॉक्टर संभाव्य जंतूंपैकी बहुतेकांना गाठेल असे औषध आधी देतात आणि रिपोर्ट आला की ते आवरून नेमके औषध ठेवतात. घरी कपाटात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या देऊन पेशंटला आणले, तर हा पुढचा हिशोब बिघडतो. जंतू मरत नाही, फक्त कल्चरमध्ये लपतो. तशी गोळी दिलीच असेल तर तिचे पाकीट सोबत आणून दाखवावे.

तिसरे काम सलाईनचे. प्रथम तीन तासांत साधारण दर किलोला ३० मिलिलिटर हा ठोकताळा आहे. ६० किलोच्या दादींना म्हणजे १,८०० मिलिलिटर, अर्ध्या लिटरच्या जवळजवळ चार बाटल्या. गळक्या पाइपांत पाणी भरून धार आणण्याचा हा प्रयत्न असतो. पण गळती चालूच असल्याने नुसते पाणी भरत राहणेही घातक. ते फुप्फुसांत उतरते आणि श्वास आणखी अडतो. हृदय कमजोर असेल किंवा डायलिसिस चालू असेल तर हा धोका अधिक. म्हणून दर बाटलीनंतर डॉक्टर पुन्हा छाती तपासतात.

दोन बाटल्यांनंतर दादींचा दाब होता ८८/४८. तेव्हा नॉरअॅड्रेनलिन हे औषध पंपातून थेंबाथेंबाने सुरू केले. ते रुंदावलेल्या रक्तवाहिन्या आवळते. 'बीपी औषधावर आहे' याचा अर्थ हाच. मॉनिटरवर नातेवाइकांना ११० दिसते आणि ते खूश होतात, पण तो आकडा दादींचा आणि औषधाचा मिळून असतो. म्हणून डॉक्टरांना विचारायचे ते 'बीपी किती?' असे नाही. 'औषधाचा डोस वाढतोय की कमी होतोय?' हे विचारावे. पुरेसे सलाईन देऊनही दाब टिकवायला हे औषध लागते आणि लॅक्टेटही २ च्या वर राहते, त्या अवस्थेला सेप्टिक शॉक म्हणतात. मोठ्या अभ्यासांत अशा दहा पेशंटपैकी सुमारे चार दगावलेले आहेत. डॉक्टर 'काही सांगता येत नाही' म्हणतात, ते काही लपवायचे असते म्हणून नसते.

लघवीची नळी घातली तेव्हा जेमतेम २० मिलिलिटर गढूळ लघवी निघाली. नर्स दर तासाला ती पिशवी का पाहते, तेही समजून घ्यावे. दर किलोला तासाला अर्धा मिलिलिटर, म्हणजे दादींना तासाला ३० मिलिलिटर लघवी होऊ लागली, तर मूत्रपिंडापर्यंत रक्त पोहोचू लागल्याची ती खूण असते.

'इतक्या नाजूक हालतीत ऑपरेशन?'

सव्वानऊला खाटेशेजारीच सोनोग्राफी झाली. उजवे मूत्रपिंड फुगलेले होते आणि खाली मूत्रवाहिनीत खडा अडकला होता. वर तुंबलेल्या लघवीत पू झाला होता. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आत्ताच स्टेंट टाकावा लागेल. सही करा."

हा क्षण सर्वांत अवघड असतो. अम्मी शुद्धीवर नीट नाहीत, बीपी औषधावर आहे, आणि डॉक्टर त्यांना ऑपरेशन थिएटरमध्ये न्यायचे म्हणतात. मुलाच्या मनात साहजिकच येते की आधी तब्येत सुधारू दे, मग सकाळी पाहू. दुबईतल्या भावाशी बोलायचे असते, मामूंना विचारायचे असते.

पण इथे क्रम उलटा आहे. तब्येत सुधारावी यासाठीच ते करायचे असते. बंद जागेत दाबाखाली साठलेल्या पुवात अँटिबायोटिक पुरेसे पोहोचत नाही, आणि तिथून जंतू व त्यांचे विष रक्तात येत राहते. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखे ते होते. डॉक्टर याला 'सोर्स कंट्रोल' म्हणतात, म्हणजे आजाराचा झरा बंद करणे. फुटलेले आतडे शिवणे, सडलेला भाग काढणे, गळवाचा पू बाहेर काढणे, ही सगळी त्याचीच रूपे. जितके शक्य तितक्या लवकर आणि पेशंटला झेपेल अशा सर्वांत छोट्या मार्गाने ते करायचे असते. म्हणून त्या रात्री खडा काढला जात नाही. मूत्रवाहिनीतून एक बारीक नळी, जिला डीजे स्टेंट म्हणतात, वर सरकवून फक्त वाट मोकळी करतात. खडा काही आठवड्यांनी, पेशंट सावरल्यावर काढतात.

सही करण्याआधी मुलाने तीन गोष्टी जरूर विचाराव्यात : कशाची वाट मोकळी करायची आहे, याहून छोटा मार्ग आहे का, आणि सकाळपर्यंत थांबलो तर काय होईल. या तिन्हींची उत्तरे पाच मिनिटांत मिळतात. दुबईच्या भावाला फोनही त्याच पाच मिनिटांत होतो.

दादींना साडेअकराला स्टेंट टाकला आणि नळीतून पू वाहिला. फजरच्या सुमारास नॉरअॅड्रेनलिनचा डोस निम्म्यावर आला होता, लघवी तासाला ४० मिलिलिटर होत होती, लॅक्टेट ४.६ वरून २.२ वर उतरले होते. तिसऱ्या दिवशी कल्चरमध्ये ई-कोलाय हा जंतू निघाला आणि मोठे अँटिबायोटिक बदलून साधे दिले. सहाव्या दिवशी त्या वॉर्डात आल्या. घरी आल्यावरही कित्येक आठवडे त्यांना जिना चढवत नव्हता आणि बोलताना शब्द आठवत नव्हते. सेप्सिसनंतर असे होते. त्यात आळस किंवा नाटक नसते.

हे उदाहरण चांगल्या शेवटाचे आहे. प्रत्येक वेळी असे होत नाही. सगळे वेळेवर होऊनही काही पेशंट हातचे जातात, आणि त्यात घरच्यांचा किंवा डॉक्टरांचा दोष असतोच असे नाही.

एक मुलगा आणि एक नियम

तासांना एवढे महत्त्व का, याचे उत्तर न्यूयॉर्कमधल्या एका घटनेनंतर आकड्यांत मिळाले. मार्च २०१२ मध्ये रोरी स्टॉन्टन हा १२ वर्षांचा मुलगा शाळेत चेंडूमागे झेपावताना पडला आणि त्याचा हात खरचटला. दुसऱ्या दिवशी त्याला ताप, उलट्या आणि पाय दुखणे सुरू झाले. तपासणीत पोट बिघडल्याचे निदान होऊन त्याला घरी पाठवले गेले. मोठ्या संसर्गाकडे बोट दाखवणारे रक्ताचे रिपोर्ट तो गेल्यानंतर आले, ते आईवडिलांपर्यंत पोहोचले नाहीत. १ एप्रिलला तो गेला. खरचटलेल्या जागेतून शिरलेल्या जंतूने सेप्सिस झाला होता.

त्याच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि २०१३ साली न्यूयॉर्क राज्याने सर्व रुग्णालयांना सेप्सिस ओळखण्याची आणि त्यावर उपचार सुरू करण्याची ठरलेली पद्धत सक्तीची केली. प्रत्येक पेशंटला कल्चर, लॅक्टेट आणि अँटिबायोटिक किती वाजता मिळाले याची नोंदही ठेवावी लागली. त्यामुळे उशिराची किंमत मोजता आली. २०१७ मध्ये १४९ रुग्णालयांतल्या ४९,३३१ पेशंटचा हिशोब प्रसिद्ध झाला. ही तीन कामे पुरी व्हायला लागलेल्या प्रत्येक जादा तासागणिक मृत्यूची शक्यता सुमारे ४ टक्क्यांनी वाढत गेलेली दिसली. हा हिशोब रुग्णालयात पोहोचल्यानंतरचा आहे. घरात इफ्तारची वाट पाहण्यात गेलेले तास त्यात धरलेले नाहीत.

घरात काय पाहायचे

प्रत्येक ताप म्हणजे सेप्सिस नाही, आणि प्रत्येक तापाला धावत सुटायचेही कारण नाही. संसर्गाची शंका असताना, म्हणजे ताप, खोकला, लघवीची जळजळ, पोटदुखी किंवा चिघळलेली जखम असताना, मोठ्या माणसात पुढीलपैकी काही नव्याने दिसले तर त्याच घटकेला निघावे : बरळणे, वेळ-माणसे न कळणे किंवा जागे करूनही गुंगीत राहणे, श्वास मिनिटाला २२ किंवा अधिक, लघवी जवळजवळ बंद, उभे राहताच अंधारी, हातपाय गार पडणे किंवा कातडीवर निळसर-जांभळे डाग. घरी बीपीचे यंत्र असेल तर वरचा आकडा १०० किंवा त्याखाली. ही सगळी लक्षणे एकत्र यायची वाट पाहू नये. यांतले एकही नसले तरी माणूस नेहमीसारखा वाटत नसेल, तर घरच्यांच्या नजरेला किंमत द्यावी.

मधुमेही, म्हातारी माणसे, डायलिसिसवरचे, कर्करोगाचे उपचार चालू असलेले आणि ज्यांची प्लीहा काढली आहे अशांच्या बाबतीत लवकर निघावे. बाळंतीण चाळीस दिवसांची होईपर्यंत तिला ताप, खालच्या पोटात दुखणे किंवा दुर्गंधी येणारा स्राव असेल तर 'वारा लागला' म्हणून शेक देत बसू नये. नवजात बाळ दूध ओढेनासे झाले, सैल पडले, गार लागले किंवा शांत असतानाही मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेऊ लागले, तर ताप नसला तरी ती तातडीची बाब आहे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात लेप्टो, मलेरिया आणि डेंग्यूही असेच चित्र उभे करतात. त्यांत औषधे आणि सलाईनचा हिशोब वेगळा असतो, पण घरून निघायची घाई तीच.

गाडी नसेल तर १०८ ला फोन करावा. निघताना चालू औषधांची चिठ्ठी, ॲलर्जीची माहिती आणि जुने रिपोर्ट घ्यावेत. पोहोचल्यावर 'अशक्तपणा आलाय' असे म्हणू नये, कारण या वाक्याने पेशंट रांगेत मागे राहतो. नेमके बोलावे : "अम्मीला मधुमेह आहे. तीन दिवसांपासून लघवीला जळजळ, काल हुडहुडी भरून ताप आला. आज दुपारपासून बरळतायत, श्वास मिनिटाला अठ्ठावीस आहे, सकाळपासून एकदाच लघवी झालीय. हा सेप्सिस असू शकतो का?" एवढे सांगायला अर्धे मिनिट लागते, आणि डॉक्टरांना पहिल्या तासात जे काही हवे असते त्यातले बरेचसे या अर्ध्या मिनिटात त्यांच्या हाती येते.